काजू कारखान्याचा नफा खरा किती? ईव्हीए काढण्याची रीत

वेंगुर्ला, कुडाळ, सावंतवाडी या पट्ट्यातल्या कुठल्याही काजू प्रक्रिया कारखान्याचं नफा-तोटा पत्रक उघडलं, तर त्यात बँकेच्या कॅश क्रेडिटचं व्याज खर्च म्हणून दिसतं. मालकाने स्वतःचे जे पैसे घातलेले असतात, त्यांच्यापोटी मात्र एक रुपयाही खर्च पडत नाही. हिशेबशास्त्राचा तो नियमच आहे: कर्जावर व्याज लागतं, भागभांडवलावर लागत नाही. त्यामुळे दोन कारखाने अगदी सारखे असले, सारखीच बी फोडत असले आणि सारख्याच भावाने गर विकत असले, तरी ज्याने सगळा पैसा घरातून घातला त्याचा नफा जास्त दिसतो आणि ज्याने बँकेतून उचलला त्याचा कमी. धंदा मात्र दोघांचा तोच असतो.

आर्थिक मूल्यवर्धन म्हणजे ईव्हीए ही पद्धत हा फरक काढून टाकते. करोत्तर नफ्यातून मालकाच्या भांडवलाचाही आकार, म्हणजे तो पैसा वापरल्याची किंमत, वजा करायचा आणि काय उरतं ते बघायचं, एवढीच तिची कल्पना आहे. न्यूयॉर्कच्या स्टर्न स्ट्युअर्ट या सल्लागार कंपनीने ईव्हीए या नावाचा ट्रेडमार्क घेतला, पण मूळ विचार त्याहून बराच जुना आहे. आपल्याकडे इन्फोसिससारख्या कंपन्यांनी वार्षिक अहवालात हा हिशेब छापलेला आहे. मोठ्या कंपनीत तो काढणं एका अर्थाने सोपं असतं, कारण आकडे जागेवर असतात. कोकणातल्या हंगामी, घरच्या माणसांवर चालणाऱ्या कारखान्यात तो काढताना वेगळ्याच जागी पाय घसरतो. या लेखात त्या जागा दाखवायच्या आहेत.

त्यासाठी एक नमुन्याचा कारखाना घेऊ. दोन भावांची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे, वर्षाला ३०० टन काजू बी फोडते. आकडे मी उदाहरणापुरते बसवलेले आहेत. तुमचे वेगळे असतील, रीत हीच राहील.

पहिली पायरी: व्याजाआधीचा करोत्तर नफा

बी सरासरी १३० रुपये किलोने घेतली, म्हणजे ३ कोटी ९० लाख. गर आणि टरफल मिळून विक्री ५ कोटी ४० लाख. मजुरी, बॉयलरचं जळण, वीज, पॅकिंग, वाहतूक असा सगळा खर्च ७२ लाख. घसारा ८ लाख. दोघे भाऊ पगार घेतात तो प्रत्येकी वर्षाला ६ लाख, म्हणजे १२ लाख. हे सगळं वजा केल्यावर ५८ लाख उरतात. हा व्याज आणि कर यांच्या आधीचा नफा.

पुढे बँकेचं व्याज १२ लाख, राहिले ४६ लाख. कंपनीने सवलतीचा २२ टक्क्यांचा कर पर्याय घेतला आहे. अधिभार आणि उपकर धरून तो २५.१७ टक्के होतो. कर ११.५८ लाख. करोत्तर नफा ३४.४ लाख. सीए हाच आकडा सांगतो, बँक मॅनेजर हाच बघतो, आणि दोघे भाऊही हाच लक्षात ठेवतात.

ईव्हीएसाठी मात्र व्याजाआधीचे ५८ लाख घ्यायचे आणि त्यांवरच तो कर लावायचा: ५८ × ०.७४८३ = ४३.४ लाख. याला करोत्तर कार्यकारी नफा म्हणतात. व्याज इथे वजा करायचं नाही, कारण पुढे भांडवलाच्या आकारात ते येणारच आहे. इथेही धरलं आणि तिथेही धरलं, तर एकच खर्च दोनदा पडतो.

भागीदारी संस्था असेल तर आणखी एक गोष्ट बघावी लागते. भागीदारांच्या भांडवलावर वर्षाला १२ टक्क्यांपर्यंत दिलेलं व्याज आयकरात खर्च म्हणून चालतं, म्हणून बहुतेक संस्था ते खर्ची टाकतात. अशा वेळी मालकाच्या पैशाचा आकार पत्रकात आधीच अर्धामुर्धा पडलेला असतो. तो परत मिळवून घ्या आणि मगच पुढे जा. कराचा दरही तिथे वेगळा, उपकरासह ३१.२ टक्के, आणि नफा १ कोटीच्या वर गेला की त्यावर अधिभार.

दुसरी पायरी: भांडवल मोजणं, आणि ३१ मार्चचा घोळ

ही पायरी सावकाश वाचा, कारण चुका बहुतेक इथेच होतात.

भांडवल म्हणजे कारखान्यात अडकलेला पैसा. आपल्या कारखान्यात इमारत आणि यंत्रं घसारा वजा जाता ९० लाखांची आहेत. तयार गराचा साठा ३० लाख, गिऱ्हाइकांकडून येणं ४५ लाख, रोकड १० लाख, आणि इतरांना द्यायचे १५ लाख वजा. हे खेळतं भांडवल ७० लाख होतं आणि वर्षभर साधारण तेवढंच राहतं. उरला काजू बीचा साठा. तो मात्र वर्षभर सारखा नसतो.

कोकणात काजूची बी फेब्रुवारी-मार्चपासून यायला लागते आणि पाऊस सुरू व्हायच्या आत संपते. कारखाना बारा महिने चालवायचा असेल तर त्या तीन-चार महिन्यांतच वर्षाची बी भरून, उन्हात वाळवून, गोणीत ठेवावी लागते. आपला कारखाना मार्चमध्ये ४० टन, एप्रिल आणि मे महिन्यांत १२०-१२० टन, आणि जूनमध्ये व्यापाऱ्याकडची उरलेली २० टन घेतो. फोडतो दर महिन्याला २५ टन. महिनाअखेरचा साठा असा राहतो:

| महिनाअखेर | बी (टन) | महिनाअखेर | बी (टन) |
|---|---|---|---|
| मार्च | ४० | सप्टेंबर | १५० |
| एप्रिल | १३५ | ऑक्टोबर | १२५ |
| मे | २३० | नोव्हेंबर | १०० |
| जून | २२५ | डिसेंबर | ७५ |
| जुलै | २०० | जानेवारी | ५० |
| ऑगस्ट | १७५ | फेब्रुवारी | २५ |

बाराही महिन्यांची सरासरी १२७.५ टन येते, म्हणजे १३० रुपयांच्या भावाने १ कोटी ६६ लाख. पण ताळेबंद ३१ मार्चचा असतो. त्या दिवशी गोदामात ४० टन बी आहे, ५२ लाखांची. जुना साठा संपत आलेला आणि नवी खरेदी नुकती सुरू झालेली, अशा दिवशी सरकारी वर्ष संपतं. गोदामात मे अखेरीला २ कोटी ९९ लाखांचा माल असतो, पण ताळेबंद वाचणाऱ्याला त्याची गंधवार्ताही नसते.

म्हणून ३१ मार्चला भांडवल दिसतं ९० + ७० + ५२ = २१२ लाख. वर्षाची खरी सरासरी आहे ९० + ७० + १६६ = ३२६ लाख. मे अखेरीस तर ते ४५९ लाखांवर जातं.

हा पैसा येतो कुठून? भावांचा स्वतःचा २०६ लाख, वर्षभर तोच. त्यात भागभांडवल आणि साठलेला नफा मिळून १४६ लाख आहेत. उरलेले ६० लाख दोघांनी कंपनीला बिनव्याजी कर्ज म्हणून दिले आहेत. ताळेबंदात ते 'असुरक्षित कर्जे' या मथळ्याखाली बसतात, म्हणून वाचणाऱ्याला ते परक्याचं देणं वाटतं. पण ज्यावर व्याज नाही आणि जे परत मागायला कोणी येणार नाही, ते भांडवलच. ईव्हीए काढताना ते मालकाच्या पैशातच मोजायचं. बाकी सगळी गरज बँकेचं कॅश क्रेडिट भागवतं: ३१ मार्चला फक्त ६ लाख उचललेले, मे अखेरीला २५३ लाख, आणि वर्षाची सरासरी १२० लाख. १० टक्क्यांनी त्यावर १२ लाख व्याज, जे पत्रकात आहेच.

आता घोळ बघा. कोणी ३१ मार्चचंच भांडवल धरून ईव्हीए काढला, तर तो करोत्तर कार्यकारी नफा ४३.४ लाखच घेईल, पण आकार लावेल फक्त २१२ लाखांवर. व्याजाचे १२ लाख त्याने नफ्यात परत मिळवले, आणि ज्या १२० लाखांवर ते दिले त्यातले ११४ लाख त्याच्या भांडवलात नाहीतच. थोडक्यात, बँकेचं बहुतेक व्याज हिशेबातून हवेत विरलं. हा घोळ झालाय का हे ओळखायची सोपी खूण आहे: वर्षभराच्या व्याजाला ताळेबंदातल्या बँक कर्जाने भागा. इथे १२ भागिले ६ म्हणजे २०० टक्के. कुठलीही बँक २०० टक्क्यांनी कर्ज देत नाही, तेव्हा ३१ मार्चचा आकडा वर्षाचं प्रतिनिधित्व करत नाही हे उघड आहे.

महिन्याची सरासरी काढायला वेगळं काही शोधावं लागत नाही. कॅश क्रेडिट असलेला कारखाना दर महिन्याला बँकेला स्टॉक स्टेटमेंट देतो, त्यावरच किती उचलता येईल ती मर्यादा, म्हणजे ड्रॉइंग पॉवर, ठरते. ती बारा पत्रकं काढा, साठा आणि येणं यांची सरासरी घ्या. फक्त एक जपा: जास्त उचल मिळावी म्हणून स्टेटमेंटमध्ये साठा फुगवलेला असेल, तर ईव्हीएमध्येही तो फुगवटा येतो. स्वतःच्या हिशेबासाठी गोदामाच्या वहीतले आकडे घ्यावेत.

हापूसच्या पल्पचे डबे भरणाऱ्यांनाही हेच लागू आहे. डबे भरले जातात एप्रिल ते जून, विकले जातात वर्षभर, आणि ३१ मार्चला गोदाम जवळजवळ रिकामं असतं.

तिसरी पायरी: मालकाच्या पैशाचा दर

बँकेच्या पैशाचा दर सरळ आहे: १० टक्के व्याज, त्यावर कर वाचतो, म्हणून करोत्तर ७.४८ टक्के. मालकाच्या पैशाचा दर मात्र कुठे लिहिलेला नसतो. शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपनीसाठी सरकारी रोख्याचा दर, बाजाराची जोखीम आणि त्या शेअरचा बीटा, म्हणजे बाजाराबरोबर तो किती हलतो याचं माप, यांवरून तो काढतात. काजू कारखान्याला बीटा नसतो. तिथे तर्काने जावं लागतं.

तळाची मर्यादा बँक देते. बँकेकडे तारण आहे, वसुलीत तिचा नंबर पहिला आहे, तरी ती १० टक्के मागते. मालकाचा नंबर शेवटचा. बीचा भाव पडला, गराचा भाव पडला, आगीत गोदाम गेलं, तर आधी त्याचेच पैसे बुडणार. म्हणजे त्याचा दर १० च्या वर असायलाच हवा. किती वर? भावांना एक प्रश्न विचारून बघावा: शेजारच्या गावातल्या असल्याच कारखान्यात, तारण न घेता, मुद्दल परत मिळायची खात्री नसताना, किती टक्के मिळणार असतील तर पैसे घालाल? १२ म्हटलं तर बहुतेक जण नकारार्थी मान हलवतात. मी या लेखात १५ टक्के धरले आहेत. १४ आणि १६ च्या मध्ये भांडण्यात फारसा अर्थ नाही. दर एकदा ठरवावा आणि पुढची तीन-चार वर्षं तोच ठेवावा. नाहीतर वाईट वर्षी दर खाली ओढून ईव्हीए चांगला दाखवायचा मोह होतो.

या टप्प्यावर घरात एक वाक्य हमखास येतं: "पैसे आपलेच मां, तेंका व्याज कसला?" व्याज नाही हे खरंच. पण तेच २०६ लाख नुसत्या मुदत ठेवीत असते तरी काही मिळालं असतं, तेही झोप न उडता. कारखान्यात घालून ते सोडलं. आकार त्या सोडलेल्या पैशाचा आहे आणि वर जी झोप उडते तिचाही. मासेमारीबंदीच्या जून-जुलैत ट्रॉलर बंदरात नांगरलेला असतो, डिझेल जळत नाही, बर्फ लागत नाही. त्यात अडकलेल्या पैशाचा आकार मात्र त्या दोन महिन्यांतही चालूच असतो.

चौथी पायरी: वजाबाकी

मालकाचे २०६ लाख, १५ टक्क्यांनी ३०.९ लाख. बँकेचे सरासरी १२० लाख, ७.४८ टक्क्यांनी ९ लाख. भांडवलाचा एकूण आकार ३९.९ लाख. करोत्तर कार्यकारी नफा ४३.४ लाख. ईव्हीए: ३.५ लाख.

उलटतपासणी एका ओळीत होते. पत्रकातला करोत्तर नफा ३४.४ लाख, त्यातून मालकाच्या पैशाचा आकार ३०.९ लाख वजा केला तरी ३.५ लाखच यायला हवेत. दोन्ही रस्त्यांनी आकडा जुळला नाही, तर भांडवलाच्या सरासरीत किंवा कर्जाच्या वाटणीत चूक आहे असं समजा. ३१ मार्चचं भांडवल धरणाऱ्याला पहिल्या रस्त्याने १२ लाख मिळतात आणि दुसऱ्याने ३.५, त्याचा घोळ इथे पकडला जातो.

म्हणजे ३४ लाखांचा नफा सांगणारा कारखाना मालकाच्या पैशाची किंमत चुकवून साडेतीन लाख वर टाकतो. वाईट नाही. पण अजून दोन खर्च पत्रकात अर्धवट आलेले आहेत.

पाचवी पायरी: घरचं म्हणून न मोजलेलं

ईव्हीएच्या मूळ पद्धतीत हिशेबाच्या आकड्यांत करायच्या दुरुस्त्या दीडशेहून जास्त सुचवलेल्या आहेत. छोट्या कारखान्याने त्या वाटेला जाऊ नये. दोनच बघाव्यात, त्या पुरेशा असतात.

एक म्हणजे पगार. दोघे भाऊ प्रत्येकी ६ लाख घेतात. एक खरेदी आणि विक्री बघतो, दुसरा बॉयलरपासून ग्रेडिंगपर्यंत सगळं उत्पादन. त्यांच्या जागी बाहेरची माणसं ठेवायची तर प्रत्येकी ९ लाखांखाली तयार होणार नाहीत असं धरू. फरक वर्षाला ६ लाख, करोत्तर ४.५ लाख. हे पैसे धंद्याने कमावले नाहीत, भावांनी कमी पगार घेऊन धंद्याला दिले. ते कष्टाचे आहेत, भांडवलावरचा परतावा नव्हेत.

दुसरं म्हणजे जमीन. कारखाना वडिलांच्या नावच्या जागेत उभा आहे आणि भाडं देत नाही. तेवढी जागा आणि गोदाम रस्त्यालगत भाड्याने घ्यायचं तर वर्षाला ३ लाख धरू, करोत्तर सव्वादोन लाख. इथे बरेच जण जमिनीची आजची बाजारकिंमत भांडवलात धरून त्यावर १५ टक्के लावतात. कोकणपट्टीत ते करू नये असं माझं मत आहे. समुद्राजवळच्या जमिनीची किंमत पर्यटन आणि दुसऱ्या घरांच्या मागणीने फुगलेली असते. त्यावर काजू कारखान्याच्या जोखमीचा दर लावला, तर जगातला कुठलाही काजू कारखाना तोट्यातच दिसेल. जागा विकावी की ठेवावी हा वेगळा प्रश्न आहे, तो वेगळ्या कागदावर सोडवावा. इथे कारखाना म्हणून जे भाडं पडलं असतं तेवढंच धरावं.

३.५ वजा ४.५ वजा २.२. ईव्हीए उणे ३.२ लाख.

उणे आकडा बघून घाबरायचं कारण नाही, पण त्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. कारखाना बुडतोय असा तो अर्थ नाही. बाजाराचा पगार आणि भाडं देऊन भावांच्या २०६ लाखांवर २७.७ लाख उरतात, म्हणजे १३.४ टक्के. भावांना १३ टक्के पुरेसे वाटत असतील, तर ईव्हीए शून्याच्या किंचित वर आहे. १५ हवेत तर खाली. पण पत्रकातले ३४.४ लाख ताळेबंदातल्या १४६ लाखांवर बसवून "आपल्याला साडेतेवीस टक्के सुटतात" असं जे बोललं जातं, ते मात्र खरं नाही. आणि त्याच भरवशावर "अजून थोडे पैसे घालून ५०० टन करू" असा बेत ठरतो. नव्या पैशावरही १३ च्या आसपासच सुटणार असेल, तर धंदा वाढेल, नफाही वाढेल आणि ईव्हीए आणखी खाली जाईल.

सहावी पायरी: आकडा कामाला लावणं

आता मूळ कारण कुठे आहे ते बघा. ३२६ लाखांत १६६ लाख गोणीत बसलेले आहेत. यंत्रांपेक्षा गोदामात जास्त पैसा आहे. मग प्रश्न असा: सगळी बी मे महिन्यातच भरायची का?

समजा मेमध्ये घ्यायच्या १२० टनांपैकी ६० टन तेव्हा घेतलीच नाहीत, आणि नोव्हेंबरात घेतली. ज्या मोठ्या बागायतदारांकडे साठवणीची जागा आहे ते बी राखून ठेवतात. शिवाय पूर्व आफ्रिकेत, टांझानियाकडे, हंगाम ऑक्टोबरपासून सुरू होतो आणि तिकडची बी त्यानंतर आयातदारांमार्फत मिळू शकते. मे ते ऑक्टोबर अशा सहा महिनाअखेरींना साठा ६० टनांनी कमी राहील, म्हणजे वर्षाच्या सरासरीत ३० टन, ३९ लाख रुपये.

त्या ३९ लाखांचं काय करायचं यावर फायदा ठरतो. नुसतं कॅश क्रेडिट कमी उचललं, तर १० टक्के वाचतात. सहा महिन्यांचा हिशेब किलोमागे साडेसहा रुपये होतो. म्हणजे नोव्हेंबरात १३६.५० पर्यंत भाव असेल तर घ्यावी, त्यावर नको. पण भावांनी आपल्या बिनव्याजी ६० लाखांतले ३९ लाख कंपनीतून कायमचे काढून घेतले, तर बँकेची सरासरी उचल १२० लाखच राहते आणि त्यांचे स्वतःचे २०६ वरून १६७ वर येतात. मे अखेरची सर्वाधिक उचलही २५३ वरून २१४ लाखांवर उतरते, त्यामुळे ड्रॉइंग पॉवर अपुरी पडायची भीती नाही. आता सुटलेला पैसा मालकाचा आहे. त्याचा १५ टक्के करोत्तर दर म्हणजे करपूर्व २० टक्के. सहा महिन्यांचे किलोमागे १३ रुपये. नोव्हेंबरात १४३ पर्यंतही परवडतं.

समजा नोव्हेंबरात भाव १३५ निघाला, म्हणजे किलोमागे ५ रुपये जास्त. ६० टनांना ३ लाख जादा पडले, करोत्तर सव्वादोन लाख. पत्रकातला नफा ३४.४ वरून ३२.२ लाखांवर आला. सीए विचारणार, यंदा नफा का घसरला? आणि ईव्हीए? मालकाच्या पैशाचा आकार ३९ × १५ टक्के = ५.८५ लाखांनी कमी झाला, खरेदीत २.२५ गेले, निव्वळ ३.६ लाखांची सुधारणा. उणे ३.२ वरून अधिक ०.४ लाख. नफा कमी झाला आणि धंदा सुधारला, दोन्ही एकाच वेळी.

याला मर्यादा आहेत. नोव्हेंबरात हवी ती बी मिळेलच असं नाही, आणि न मिळाल्यास सोलणाऱ्या बायकांना बसवून ठेवावं लागतं. ती मजुरी या हिशेबात धरलेली नाही. भौगोलिक मानांकनाखाली 'वेंगुर्ला काजू' म्हणून गर विकायचा असेल, तर आफ्रिकेची बी त्यात चालणार नाही. ती वेगळी फोडावी आणि वेगळी विकावी लागेल. बीचा दर्जाही एकसारखा धरू नये. आपली वेंगुर्ला-४ किंवा वेंगुर्ला-७ गराच्या उताऱ्यात ३० टक्क्यांच्या आसपास जाते. बाहेरची बी कमी उतरली, तर १३५ रुपयांची बी प्रत्यक्षात बरीच महाग पडते. भावाची तुलना बीच्या किलोवर न करता निघणाऱ्या गराच्या किलोवर करावी. उलट बाजूने, मेमध्ये भरलेली बी नीट वाळलेली नसेल तर पावसाळ्यात वजन घटतं आणि बुरशीही येते. त्या घटीचा खर्च नोव्हेंबरच्या बाजूने मोजावा.

आकडा कुठे फसवतो

दोन ठिकाणी.

पहिलं ठिकाण भाववाढीचं. बी १३० ला घेतली, आणि ती ज्या ज्या महिन्यात फोडली तेव्हाचा बाजारभाव सरासरी १३६ होता, असं समजा. किलोमागे ६ रुपये, ३०० टनांना १८ लाख. ते व्याजाआधीच्या ५८ लाखांतच मिसळलेले आहेत. म्हणजे फोडणं, सोलणं, ग्रेडिंग या प्रक्रियेने ४० लाख कमावले आणि साठेबाजीने १८. आता साठ्याचा आकार बघा: बँकेचं १२ लाख व्याज, आणि साठ्यातला उरलेला ४६ लाखांचा भाग मालकाच्या पैशाचा, करपूर्व २० टक्क्यांनी सव्वानऊ लाख. एकूण सव्वाएकवीस लाख. साठा करून १८ मिळवले आणि सव्वाएकवीस खर्च केले. ज्या वर्षी भाव १० रुपये चढेल त्या वर्षी साठा फायद्यात येईल, ज्या वर्षी पडेल त्या वर्षी प्रक्रियेची कमाईही खाईल. म्हणून एका वर्षाच्या ईव्हीएवरून कारखान्याबद्दल मत बनवू नये. निदान तीन वर्षांचा काढावा, आणि दर महिन्याचा बीचा बाजारभाव वहीत टिपून हे दोन भाग वेगळे ठेवावेत. त्या एका रकान्याशिवाय नफा कारागिरीचा की नशिबाचा ते कळायला दुसरा मार्ग नाही.

दुसरं ठिकाण जुन्या यंत्रांचं. घसाऱ्याने यंत्रांची वहीतली किंमत दर वर्षी ८ लाखांनी उतरते. तेवढे पैसे भावांनी काढून घेतले किंवा कर्जात भरले, तर काहीही न करता भांडवल कमी होतं. भावांच्या पैशाच्या दराने वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास आकार घटतो आणि ईव्हीए आपोआप चढतो. मग नवा ड्रायर घ्यायची वेळ आली की पहिल्याच वर्षी ईव्हीए कोसळलेला दिसतो, आणि जुना, जास्त तुकडा पाडणारा ड्रायर आणखी एक हंगाम ओढला जातो. यावर उपाय म्हणजे यंत्रं वहीतल्या उतरलेल्या किमतीने न धरता मूळ किमतीने धरणं, आणि घसाऱ्याच्या जागी त्या यंत्राच्या आयुष्यभर दर वर्षी सारखाच पडेल असा एक हप्ता लावणं, जसा बँकेचा मासिक हप्ता सारखा असतो. स्प्रेडशीटमध्ये तो एका सूत्राने निघतो. उदाहरणार्थ १० लाखांचा ड्रायर, १० वर्षं आयुष्य, १५ टक्के दर:

```
=PMT(15%,10,-1000000)
```

उत्तर येतं वर्षाला सुमारे १ लाख ९९ हजार. नवा ड्रायर अख्खा गर जास्त काढून, जळण वाचवून करोत्तर एवढे पैसे दर वर्षी देत असेल, तर घ्यावा. हा हिशेब करताना घसारा आणि आकार दोन्ही या हप्त्यातच आले, तेव्हा ते वर वेगळे पुन्हा धरायचे नाहीत. W320 प्रतीचा अख्खा गर आणि पाकळी यांच्या भावातला फरक रोजच्या विक्रीच्या बिलांवर असतो; किती किलो गर तुटायचा वाचला म्हणजे दोन लाख निघतात, ते तिथून काढता येतं.